पॅन माहेरचं, आधार सासरचं: डीमॅटचा अर्ज परत का येतो आणि आधी काय बदलायचं

प्रश्न: लग्नानंतर आधार सासरच्या नावाने करून घेतलं. पॅन अजून माहेरच्याच नावाचं आहे. मोबाइलवरून डीमॅट खातं उघडायला गेले तर अर्ज सारखा परत येतोय. आधी म्हणाले ‘कागदपत्र स्पष्ट नाही’, आता म्हणतात ‘नाव जुळत नाही’. पॅनचा फोटो किती वेळा काढला त्याला सुमार नाही. नक्की चूक फोटोत आहे की नावात? आणि बदलायचंच असेल तर पॅन बदलू की आधार परत जुनं करून घेऊ?

उत्तर:

ताई, फोटो काढणं आज थांबवा. तुम्हाला आलेले दोन शेरे दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत. ‘स्पष्ट नाही’ हा शेरा तुम्ही चढवलेलं चित्र वाचता आलं नाही म्हणून येतो. ‘नाव जुळत नाही’ हा शेरा बहुतेक वेळा ते चित्र कुणी उघडून बघण्याआधीच पडलेला असतो, कारण नावाची तपासणी चित्रावरून होत नाही, नोंदीवरून होते. मी बरीच वर्षं एका शेअर दलालाकडे केवायसी तपासणीच्या टेबलावर आहे. नावाच्या शेऱ्यावर नवा फोटो पाठवणारे अर्ज रोज येतात, आणि त्याच शेऱ्याने परत जातात.

पडद्यामागे काय होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुम्ही पॅन क्रमांक, नाव आणि जन्मतारीख भरता. ही तिन्ही माहिती आयकर विभागाच्या नोंदीशी ताडली जाते. तिथून आम्हाला तुमचं खरं नाव कळत नाही. नाव जुळतं की नाही, तारीख जुळते की नाही, एवढंच हो-नाही उत्तर येतं. म्हणूनच हेल्पलाइनवरचा मुलगा तुम्हाला ‘काय चुकलंय’ ते सांगू शकत नाही. तो टाळत नसतो, त्याला दिसतच नसतं. दुसरीकडे डिजिलॉकरमधून तुमच्या संमतीने आधारचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो येतो. मग पॅनचं नाव आणि आधारचं नाव एकमेकांशी ताडलं जातं. शेवटी तुमच्या बँक खात्यात एक रुपया टाकून बघतात, आणि बँक ज्या नावाने तो रुपया स्वीकारते ते नाव परत ताडलं जातं. एकूण तीन जागी नाव अडू शकतं, आणि तिन्हींचा शेरा पुष्कळदा एकाच शब्दांत येतो.

आता तुमच्यासारखंच एक प्रकरण घेऊ, नावं अर्थातच कल्पित. पॅनवर SAYALI VASANT KADAM, आधारवर Sayali Nikhil Bhosale. सायलीने अर्जात सासरचं नाव भरलं, कारण आता तेच तिचं नाव. पहिल्याच पायरीला आयकर विभागाच्या नोंदीने ‘नाही’ म्हटलं. मग तिने माहेरचं नाव भरलं. पहिली पायरी पार पडली, पण डिजिलॉकरने आधार आणल्यावर तीन शब्दांपैकी एकच जुळला आणि अर्ज दुसऱ्या पायरीला अडला. तिला वाटलं की दोन्ही नावं चुकीची ठरताहेत, म्हणजे दोष फोटोत असणार. खरं तर दोन्ही वेळा यंत्रणेने बरोबरच सांगितलं होतं, फक्त वेगवेगळ्या पायरीवर. तुम्ही डिजिलॉकरमध्येच पॅन ओढून घ्यायचा प्रयत्न केला असेल तर तो तिथेही अडला असेल, कारण डिजिलॉकर तुम्हाला आधारच्या नावाने ओळखतं आणि त्याच नावाने पॅन शोधतं.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना फार चकवते. पॅन कार्डावर छापलेलं नाव आणि आयकर विभागाच्या नोंदीतलं नाव एकच असेल असं नाही. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन स्वतंत्र रकाने असतात, आणि कार्डावर नाव कसं छापून हवं याचा रकाना वेगळा असतो. कुणी तिथे ‘S V KADAM’ लिहिलेलं असतं, तर कुणी ‘KADAM SAYALI VASANT’. एजंटाने अर्ज भरला असेल तर रकाने उलटेपालटे होण्याची शक्यता आणखी वाढते. आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं. तो दाखला समोर ठेवून भरणारा ‘कदम सायली वसंत’ याच क्रमाने लिहीत जातो, आणि नोंदीत पहिलं नाव KADAM होऊन बसतं. आधारमध्ये असे रकाने नाहीत. तिथे नाव एका सलग ओळीत असतं, नोंदणीच्या वेळी ऑपरेटरने जसं टाइप केलं तसं. दोन कागद मुळातच वेगळ्या पद्धतीने बनलेत, म्हणून लग्न न झालेल्यांचीही नावं अडतात.

तुमच्या नोंदीत काय आहे हे बघायला पैसे लागत नाहीत. आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करता ‘Verify PAN Status’ नावाची सोय आहे. पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक टाकला की ओटीपी येतो, आणि माहिती नोंदीशी जुळते की नाही हे कळतं. माहेरच्या पूर्ण नावाने जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर आडनाव आधी टाकून बघा, मग मधल्या नावाशिवाय बघा. तुम्ही विवरणपत्र भरत असाल तर लॉगिन करून ‘My Profile’ मध्ये नाव थेटच दिसेल. हे दहा मिनिटांचं काम आधी करा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर आहे. तिथेच ‘Link Aadhaar Status’ सुद्धा बघून घ्या. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. मग नाव कितीही जुळलं तरी खातं उघडणार नाही, आणि जोडणीसाठी एक हजार रुपये शुल्क भरावं लागेल. लग्नाआधी, दोन्ही कागदांवर जुनं नाव असताना जोडलं असेल तर काळजी नको. आधारवरचं नाव बदलल्याने ती जोडणी तुटत नाही.

स्पेलिंगच्या फरकाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत पुष्कळांची अडचण तीच असेल म्हणून थोडक्यात सांगतो. Dipak आणि Deepak, Vaman आणि Waman, Dnyaneshwar आणि Gyaneshwar अशा जोड्या आमच्या टेबलावर नेहमीच्या आहेत. जुन्या पिढीत तर आधारवर शांताबाई आणि पॅनवर नुसतं शांता, किंवा एकीकडे रामराव आणि दुसरीकडे राम. एखाद्या अक्षराचा फरक चालेल की नाही हे त्या त्या कंपनीने यंत्रणा किती कडक ठेवली आहे त्यावर आहे. काही ठिकाणी असा अर्ज माणसाकडे येतो आणि तो बघून पुढे पाठवतो, काही ठिकाणी थेट परत जातो. पण आडनावच वेगळं असेल तर माझ्या माहितीतला कुठलाही तपासनीस स्वतःच्या जबाबदारीवर सही करणार नाही. आधारवरच्या मराठी नावात चूक असेल तर मात्र या कामापुरती ती सोडून द्या. ताडणी इंग्रजी नावाचीच होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: पॅन बदला, आधारला हात लावू नका.

एक कारण असं की आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तुम्ही एक संधी वापरलेली आहे. दुसरी आता मागे जाण्यात घालवली, तर पुढे कधी खरोखरच गरज पडली की अपवादाच्या अर्जाचं लफडं मागे लागेल. पॅनच्या नाव-दुरुस्तीला अशी मर्यादा नाही. दुसरं असं की तुम्ही नोकरी करत असाल तर भविष्यनिर्वाह निधीची यंत्रणाही आधारच्या नावावरच टेकलेली आहे, आणि पासपोर्ट, बँक वगैरे जिथे तिथे आता आधी आधार मागतात. सगळ्यांना आधारच्या नावाकडे आणणं सोपं. एकट्या पॅनसाठी आधारला मागे नेणं म्हणजे उद्या तिकडच्या अडचणी विकत घेणं.

अर्थात हे तुम्हाला सासरचं नाव ठेवायचंच आहे असं धरून मी बोलतोय. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. घरातल्यांनी आधार केंद्रावर नेलं म्हणून आधार बदललं असेल, पण पदव्या, पासपोर्ट, पगार सगळं माहेरच्या नावाने चालू असेल आणि तुम्हालाही तेच हवं असेल, तर उरलेली संधी वापरून आधार मूळ नावावर आणणं योग्य. तो निर्णय तुमचा. फक्त अर्धं हे नाव, अर्धं ते नाव असं ठेवू नका, इतकंच माझं म्हणणं.

पॅनमधली नाव-दुरुस्ती प्रोटिअन (आधीचं एनएसडीएल ई-गव्ह) किंवा यूटीआयआयटीएसएल यांच्या संकेतस्थळावर होते. नवं पॅन काढू नका, ‘बदल किंवा दुरुस्ती’ हाच अर्ज निवडा. एकाच व्यक्तीकडे दोन पॅन असणं हा दंडाचा विषय आहे. छापील कार्ड घरी मागवलं तर शुल्क शंभर रुपयांच्या थोडं वर जातं. ओळखीचा पुरावा म्हणून नव्या नावाचं आधार चालेल. नाव लग्नामुळे बदललं याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र जोडा. विवाह नोंदणी राहून गेली असेल तर विवाहित स्त्रियांसाठीच्या पुराव्यांच्या यादीत लग्नपत्रिकाही आहे, शिवाय पतीचं नाव असलेला पासपोर्ट आणि राजपत्रातली प्रसिद्धीही. तरी माझा सल्ला असा की नोंदणी करून प्रमाणपत्रच घ्या, कारण पत्रिकेवर पॅनचं काम निघेल, बँकेचं निघेलच असं नाही.

इथे एक फाटा आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून तुमचं पहिलं नावही बदललं असेल, आणि आधारवर ते नवं नाव असेल, तर विवाह प्रमाणपत्रातून दोन नावांचा दुवा लागत नाही, कारण तिथे वधूचं जुनंच नाव असतं. अशा वेळी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं हा सरळ मार्ग. अर्ज आता ऑनलाइन होतो. नोटरीकडचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र लोक हौसेने करून आणतात. ते कागदी अर्जाला जोडलं तर एखादी बँक मानते, पण हो-नाही उत्तर देणाऱ्या यंत्रणेला ते दिसतच नाही, त्यामुळे ऑनलाइन खात्यासाठी त्याचा उपयोग नाही.

दुरुस्तीचा अर्ज भरताना दोन जागी सांभाळा. पहिलं, नाव आधारवर आहे अक्षर न अक्षर तसंच तीन रकान्यांत भरा: आडनाव BHOSALE, पहिलं नाव SAYALI, मधलं नाव NIKHIL. आधारवर Bhosale असेल तर इथे Bhosle लिहू नका. कार्डावर छापायच्या नावाच्या रकान्यातही पूर्ण नावच लिहा, आद्याक्षरं नकोत. दुसरं, वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचंच नाव राहील. तिथे नवऱ्याचं नाव भरून दुसऱ्यांदा अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मधल्या नावात पती आणि ‘Father’s Name’ मध्ये वडील हे विचित्र दिसतं खरं, पण पॅनमध्ये विवाहित स्त्रीलाही वडिलांचंच नाव द्यावं लागतं.

पॅन क्रमांक तोच राहतो. त्यातलं पाचवं अक्षर हे मूळ आडनावाचं पहिलं अक्षर असतं, म्हणजे सायलीच्या बाबतीत K. आडनाव भोसले झालं तरी ते K च राहणार, आणि ते चुकीचं नाही. तुमचा कापला गेलेला कर, जुनी विवरणपत्रं, जुनी गुंतवणूक हे सगळं क्रमांकाला जोडलेलं आहे, नावाला नाही, त्यामुळे काही हरवत नाही.

कार्ड यायला साधारण दोन-तीन आठवडे धरा. कार्ड किंवा ई-पॅन हातात आलं की लगेच डीमॅटचा अर्ज करू नका. आधी ‘Verify PAN Status’ वर नव्या नावाने जुळतं का ते बघा. तिथे जुळलं की आमच्याकडेही जुळेल. मग बँकेत जाऊन खात्याचं नाव बदला, नाहीतर तो एक रुपया जुन्या नावावर जमा होऊन तिसऱ्या पायरीला अर्ज अडेल.

अजून एक जुनी नोंद बहुतेकांच्या ध्यानातच नसते. लग्नाआधी तुम्ही एखादा म्युच्युअल फंड घेतला असेल, पाचशे रुपयांची एसआयपी का होईना, तर तुमची केवायसी माहेरच्या नावाने सीव्हीएल, कॅम्स, केफिनटेक यांसारख्या एखाद्या केवायसी नोंदणी संस्थेकडे पडून आहे. दलाल नवा अर्ज करतो तेव्हा आधी ती जुनी नोंद वर येते. सीव्हीएलच्या संकेतस्थळावर ‘KYC Inquiry’ मध्ये पॅन टाकून स्थिती बघता येते. नोंद सापडली, तर दलालाला ‘नवी केवायसी’ न करता ‘केवायसीत बदल’ करायला सांगा आणि सोबत विवाह प्रमाणपत्र द्या. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये बदलाचा हा पर्यायच नसतो. मग शाखेत कागदी अर्ज देणं जलद पडतं.

आता फोटोकडे येऊ, कारण तुमचा पहिला शेरा तोही होता आणि नाव जुळल्यावर तो परत आडवा येऊ शकतो. आमच्याकडे परत जाणाऱ्या चित्रांत सगळ्यात मोठा दोष चकाकीचा. लोक पॅन कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवूनच फोटो काढतात, वर फ्लॅश लावतात, आणि पांढरा डाग नेमका क्रमांकावर पडतो. कार्ड पाकिटातून काढा, खिडकीजवळ गडद रंगाच्या सपाट जागेवर ठेवा, फ्लॅश बंद करा, आणि चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. कोपरा कापला गेला की ‘अपूर्ण’ म्हणून परत जातं, कारण अर्धवट चित्रात फेरफार लपवता येतो. झेरॉक्सचा फोटो, लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरून नवऱ्याने पाठवलेला फोटो, हे तिन्ही टाळा. शेवटच्यात तर मूळ फोटो चांगला असूनही बारीक अक्षरं दबलेली असतात. चढवण्याआधी गॅलरीत मोठा करून जन्मतारीख आणि वडिलांचं नाव वाचता येतं का बघा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर आम्हालाही लागतील.

चित्र चढवल्यावर ॲप स्वतःच क्रमांक वाचून रकान्यात भरतं, तो डोळे झाकून पुढे ढकलू नका. शून्याचा O आणि आठाचा B होणं नेहमीचं. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर असतं, त्यामुळे कुठल्या जागी काय हवं ते लगेच कळतं.

कॅमेऱ्याची कटकटच नको असेल तर ई-पॅनची पीडीएफ चढवा. मात्र ती कुलूपबंद असते आणि परवलीचा शब्द म्हणजे जन्मतारखेचे आठ आकडे. काही ॲप कुलूपबंद फाइल मुकाट घेतात आणि तपासणाऱ्याला ती उघडत नाही. तेव्हाही तुम्हाला शेरा मिळतो तो ‘कागदपत्र स्पष्ट नाही’ हाच. तुमच्या पहिल्या शेऱ्यामागे हे असू शकतं. परवलीचा शब्द विचारत नसतील तर फाइल उघडून ‘प्रिंट’मधून नवी पीडीएफ बनवा आणि ती चढवा.

आणखी दोन बारीक गोष्टी. तुमचं पॅन अठरा वर्षांच्या आत काढलेलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते. असं कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. नावाच्या दुरुस्तीच्या याच अर्जात फोटो आणि सहीवर खूण केलीत तर एका शुल्कात दोन्ही कामं होतील. आणि थेट सेल्फी घेताना मोबाइलचं स्थान चालू ठेवा. तुम्ही भारतात आहात हे त्यावरून तपासतात, त्यामुळे स्थान बंद असेल किंवा व्हीपीएन चालू असेल तर चेहरा जुळूनही अर्ज अडतो.

पोर्टलवर तपासून झालं की कुठल्या नावाने जुळलं, लग्नाआधीची केवायसी सापडली का आणि पहिला शेरा फोटोवर आला होता की पीडीएफवर, एवढं इथे लिहा. पॅन आणि आधार क्रमांक मात्र लिहू नका, कार्डाचा फोटोही टाकू नका. विवाह प्रमाणपत्राची प्रत तयार ठेवा, ती कुठे जोडायची ते मी तेव्हा बघून सांगतो.